फोटोतली जुनी चिठ्ठी : गिरवलेली सही, सपाट रेघ आणि चहात बुडवलेला कागद

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकाच प्रकारचा प्रश्न विचारला. घरात जुनी चिठ्ठी सापडते, कुणीतरी तिचा मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकांना पाठवतं, आणि मग वाद सुरू होतो : हे आजोबांचंच अक्षर का? कागद खरंच तेवढा जुना आहे का? आज आपण एकच चिठ्ठी घेऊन बसणार आहोत. प्रत्यक्ष आमच्यापर्यंत आलेलं प्रकरण आहे. गावं, नाती आणि तारखा एवढ्या बदलल्या आहेत की ओळख पटू नये. तपासणीतले मुद्दे मात्र जसेच्या तसे ठेवलेत.

चिठ्ठीवर तारीख आहे मे १९६१. मजकूर चार ओळींचा. विहीर आणि तिच्या लगतचा जमिनीचा तुकडा धाकट्या मुलाला द्यावा, थोरल्याने त्यावर हक्क सांगू नये, असा. खाली सही. आता दोघेही मुलगे हयात नाहीत. वाद आहे तो चुलतभावांमध्ये. धाकट्या घराकडे चिठ्ठी, थोरल्या घराकडे फक्त तिचा फोटो. फोटो घेऊन आलेल्या थोरल्या घरच्या गृहस्थांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं : "कागद इतका पिवळा आहे म्हणजे जुनाच असणार, नाही का?"

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पिवळा रंग हाच मुळात कुणी जुनेपणाचा देखावा करायचा ठरवला तर सर्वांत आधी करण्याची गोष्ट. आणि त्याला कारणही आहे. आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात, पूर्वीच्या १८७२च्या कायद्यात कलम ९० आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३मध्ये कलम ९२, अशी तरतूद आहे की ३० वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरची सही आणि अक्षर ज्याचं म्हणतात त्याचंच आहे असं न्यायालय धरू शकतं. "धरू शकतं", धरलंच पाहिजे असं नाही. पण ज्याने कागद बनवायचा आहे त्याला ही वाट दिसते. म्हणून कागदाचं वय हा शोभेचा मुद्दा नाही, जमीन कुणाची हे त्यावर ठरू शकतं. आणि हे गृहीतक मूळ दस्तऐवजासाठी असतं, त्याच्या प्रतीसाठी नाही. फोटो ही प्रतच.

आधी फोटो तपासायचा, मग चिठ्ठी

आलेला पहिला फोटो मेसेजिंग अ‍ॅपमधून दोनदा पुढे ढकललेला होता. त्यात अक्षरं एकदम काळी, एकसारखी जाड, कागद गडद पिवळा. पाहता क्षणी वाटलं, रेघ किती सपाट आहे, दाबात फरकच नाही. इथे आम्ही थांबलो. कारण मोबाइलवरच्या स्कॅन करणाऱ्या अ‍ॅप्सचं कामच हे असतं : फिकट रेघ गडद करायची, पार्श्वभूमी एकसारखी करायची. दाबाचा जो फरक आपल्याला पाहायचा आहे, तोच ते पुसून टाकतात. वर फोटो पाठवताना आकार कमी होतो, बारीक कडा विरघळतात. आणि पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत कालची वहीसुद्धा जुनी दिसते.

म्हणून आम्ही त्यांना सांगितलं, चिठ्ठी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून नवे फोटो मागा. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती आकसणार नाही. चार फोटो हवेत : खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात सरळ वरून, शेजारी पांढरा कोरा कागद आणि मोजपट्टी ठेवून, दुसरा कागदाच्या पाठीचा, तिसरा बाजूने तिरका टॉर्च मारून, आणि चौथा कागद खिडकीच्या काचेसमोर धरून, मागून उजेड येईल असा. पांढरा कागद शेजारी हवा तो रंगाची तुलना करायला. तिरका उजेड हवा तो पेनाने कागदात उमटलेली खोली दिसायला.

चारपैकी तीन फोटो आले. पाठीचा आला नाही. आणि पहिला मोठा निष्कर्ष असा निघाला की मजकुराच्या चार ओळी अजिबात सपाट नव्हत्या. त्या अ‍ॅपने सपाट केल्या होत्या. म्हणजे पहिल्याच फोटोवर मत दिलं असतं तर आपण चुकलो असतो, आणि तेही आत्मविश्वासाने.

दाब म्हणजे नेमकं काय पाहायचं

दाब एकसारखा आहे असं म्हणण्याआधी पेन कोणतं ते ठरवावं लागतं. शाईच्या निबला मधोमध चीर असते. खाली येणाऱ्या रेघेवर दाब पडला की निबची दोन टोकं फाकतात आणि रेघ जाड होते. वर जाताना हात हलका होतो, रेघ बारीक होते. जास्तच दाब पडला तर रेघेच्या दोन्ही कडांना दोन गडद धागे आणि मध्ये फिकट पट्टा दिसतो. चांगल्या फोटोत हे मोठं करून पाहता येतं.

बोरूचं तसं नाही. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे जाडी ठरते ती रेघेच्या दिशेवरून, दाबावरून नव्हे. जुन्या मोडी कागदावर जाडी-बारीकपणा पाहून "वा, दाब किती जिवंत आहे" असं म्हणणं म्हणजे दिशेलाच दाब समजणं. बॉलपेनमध्ये जाडी फारशी बदलतच नाही. दाब दिसतो तो कागदात पडलेल्या खोबणीत आणि रंगाच्या गडदपणात, म्हणून तिथे तिरका उजेड लागतो. आणि जेल पेनची रेघ स्वभावतःच एकसारखी असते, त्यात सपाटपणा हा संशयाचा मुद्दाच होत नाही.

आपली चिठ्ठी शाईच्या पेनाची होती, निळ्या-काळ्या शाईची. मजकुरात काना काढताना रेघ जाड, वेलांटी वर जाताना बारीक, शब्दाच्या शेवटी पेन उचलताना रेघ निमुळती होत हवेत विरलेली. शिरोरेघा घाईने मारलेल्या, काही शब्दांवरून पुढे गेलेल्या. हा वाहता हात आहे. कुणाचा, हा वेगळा प्रश्न.

त्याच पेनाने, त्याच शाईने केलेली सही मात्र वेगळी वागत होती. खाली येणारी रेघ आणि वर जाणारी रेघ यांची जाडी एकच. सुरुवातीला आणि शेवटी निमुळतं टोक नाही, बोथट ठिपका. सहीच्या शेवटच्या 'र'ची शेपटी लांब आहे. असली शेपटी माणूस एका झटक्यात ओढतो, आणि झटक्यात ओढलेली रेघ शेवटी बारीक होतेच. इथे ती शेवटपर्यंत तेवढीच जाड राहून एकदम थांबली होती.

इथे एक साधी शंका कुणीही घेईल : मजकूर एका हातचा आणि सही दुसऱ्या हातची, तर त्यातच लबाडी नाही का? नाही. त्या काळी मजकूर गावातल्या लिहिता येणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यायचा आणि खाली फक्त सही करायची, ही अगदी रोजची रीत होती. म्हणून मजकुराचं अक्षर आजोबांचं नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आपल्याला फक्त सही पाहायची आहे.

दुसरी शंका अधिक गंभीर. म्हातारपणी हात जड होतो, थरथरतो. मग हळू, बोथट सही खरीही असू शकेल. बरोबर आहे. फरक असा पाहतात : आजाराची किंवा वयाची थरथर सगळीकडे असते, सोप्या सरळ रेघेतही असते, आणि तसा माणूस बिघडलेलं अक्षर तसंच सोडून पुढे जातो. गिरवणाऱ्याची थरथर वळणावर वाढते, कारण तिथे त्याला खालची रेघ सांभाळायची असते. तो मध्येच थांबतो, जिथे खरा माणूस कधी थांबणार नाही अशा जागी पेन उचलतो, आणि मग तुटलेला सांधा हळूच जोडतो. आपल्या सहीत 'र'च्या वळणात अर्ध्यावर एक गाठ होती : रेघ थांबली आहे, शाई साचली आहे, आणि तिथून जरा बाजूला नवी रेघ सुरू झाली आहे. मागून उजेड दिलेल्या फोटोत ती गाठ गडद ठिपक्यासारखी दिसली, कारण तिथे शाई दोनदा पडली होती.

दोन सह्या, एकावर एक

सही गिरवली असेल तर ती कशावरून तरी गिरवली असणार. थोरल्या घराकडे आजोबांची तीन पत्रं होती, १९५०च्या दशकातली, शिवाय जमिनीच्या एका व्यवहाराच्या कागदावरची सही. आम्ही या चारही सह्यांचे फोटो घेतले, मोजपट्टीच्या आधारे एका मापाचे केले आणि चिठ्ठीतली सही अर्धी पारदर्शक करून एकेकावर ठेवली. हे काम फोटो जुळवणाऱ्या कुठल्याही साध्या अ‍ॅपमध्ये होतं. एक काळजी घ्यावी लागते : फोटो तिरका काढलेला असेल तर सही एका बाजूला ओढली जाते, म्हणून आधी मोजपट्टी आणि कागदाच्या कडा सरळ करून घ्यायच्या.

चारही खऱ्या सह्या एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि तेच अपेक्षित होतं. लांबी थोडी वेगळी, उंची वेगळी, शिरोरेघ कुठे लांब तर कुठे आखूड. पण चिठ्ठीतली सही १९५९च्या पत्रातल्या सहीवर जवळजवळ केसाच्या फरकाने बसली. आद्याक्षरांमधलं अंतर, शिरोरेघेचा तिरकेपणा, 'र'च्या शेपटीचं वळण, सगळं.

हा युक्तिवाद जुना आहे. अमेरिकेत १८६०च्या दशकात हाउलँड मृत्युपत्राचा खटला गाजला. सिल्व्हिया हाउलँड यांच्या मृत्युपत्रासोबत एक जादा पान पुढे आलं, त्यावरची सही मूळ मृत्युपत्रातल्या सहीशी फारच जुळत होती. गणितज्ञ बेंजामिन पर्स यांनी त्यांच्या ४२ सह्या घेऊन प्रत्येक जोडी तपासली. एका सहीत खाली येणाऱ्या ३० रेघा. दोन खऱ्या सह्यांत सरासरी पाचातली एक रेघ जुळत होती. वादातल्या जोडीत ३०च्या ३० जुळल्या. त्यावरून असं आपोआप घडण्याची शक्यता नगण्य आहे, असं त्यांनी मांडलं. खटल्याचा निकाल शेवटी वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर लागला. आणि पर्स यांच्या आकडेमोडीवर एक आक्षेप आजही घेतला जातो : प्रत्येक रेघ जणू दुसरीपासून स्वतंत्र आहे असं त्यांनी धरलं होतं, पण माणसाच्या सहीत एक रेघ दुसरीला ओढत असते. एकाच बैठकीत, एकाच टेबलावर लागोपाठ केलेल्या सह्या वर्षांच्या अंतराने केलेल्या सह्यांपेक्षा जास्त जुळतात.

म्हणून आम्ही नुसत्या जुळण्यावर थांबत नाही. आपल्या दोन सह्यांत दोन वर्षांचं अंतर सांगितलं जातं. जुळणी पूर्ण आहे. आणि जिथे जुळते आहे तिथेच रेघ सपाट, बोथट आणि तुटकी आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा संशय बळकट होतो. एकटी कुठलीही पुरेशी नाही. फोटोपुरती आणखी एक शक्यता डोक्यात ठेवायची : सही गिरवलेली नसून कापून चिकटवलेलं चित्रही असू शकतं. इथे शाईची गाठ आणि बदललेली जाडी पाहता ते संभवत नव्हतं. १९५९च्या पत्रातली शेपटी निमुळती आहे, चिठ्ठीतली नाही. चित्र चिकटवलं असतं तर तीही निमुळतीच आली असती.

आता कागद

कागद जुना करण्याचे घरगुती उपाय सगळ्यांना माहीत असतात : चहा, कॉफी, ऊन, तवा किंवा ओव्हन. प्रश्न असा की हे उपाय खऱ्या म्हातारपणाहून वेगळे का दिसतात.

कागद पिवळा पडतो तो हवा, उजेड आणि त्याच्या आतल्या आम्लामुळे. घडी घालून ठेवलेल्या कागदाला हवा कडांना आणि बाहेरच्या घडीला लागते. म्हणून बाहेरचा भाग आणि कडा गडद, आतला भाग त्या मानाने फिकट, आणि हा बदल हळूहळू होत जातो. चहात बुडवलेला कागद उलट वागतो. रंग सगळीकडे सारखा पसरतो, आणि वाळताना पाणी कडेकडे सरकून तिथे गडद रेघ सोडतं, जशी टेबलावर वाळलेल्या चहाच्या कपाची गोल खूण. घडीच्या जागी कागदाचे तंतू तुटलेले असतात, तिथे चहा जास्त मुरतो, आणि घडी आतून-बाहेरून सारखीच तपकिरी रेघ होऊन दिसते.

आपल्या चिठ्ठीत आतली बाजू आणि कडा एकाच रंगाच्या होत्या, आणि खालच्या कडेला एक लाटेसारखी तपकिरी किनार होती. संशयास्पद, पण पुरावा नव्हे. कारण पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली भिजलेल्या कागदालाही अशीच किनार येते. कोकणात तर असे खरे कागद ढिगाने सापडतील.

मग शाईकडे परत या. साधी शाई पाण्यात विरघळते. लिहून झाल्यावर कागद चहात बुडवला तर अक्षरं पसरून फासली जातात. म्हणून करणारा बहुधा आधी कागद जुना करतो आणि मग लिहितो. आणि तिथेच तो सापडतो. कारखान्यात कागदाला खळीसारखा थर दिलेला असतो, शाई पसरू नये म्हणून. भिजवल्याने आणि भाजल्याने तो थर बिघडतो. मग त्यावर शाईने लिहिलं की रेघेच्या कडेला बारीक केस फुटतात, टिपकागदावर लिहिल्यासारखे. आपल्या चिठ्ठीत हे केस सहीभोवती आणि मजकुराभोवती, दोन्हीकडे होते.

सर्वांत बोलका होता तो घडीचा एक बिंदू. मजकुराच्या तिसऱ्या ओळीतला एक काना बरोबर घडीवरून जातो. आधी लिहून मग घडी घातली तर घडीच्या कण्यावर शाई घासली जाते, रेघ तिथे तुटते किंवा फिकी होते. घडी आधीची असेल तर शाई तुटलेल्या तंतूंमध्ये शिरते आणि घडीच्या रेघेने दोन्ही बाजूंना सरकते. इथे काना घडीवर आडवा पसरला होता, छोट्या फुलीसारखा. म्हणजे कागदाला घडी होती, ती झिजलेलीही होती, आणि त्यानंतर त्यावर लिहिलं गेलं. एकदा घडी घातलेल्या कागदावर लिहिणं गुन्हा नाही. पण घडी आणि पिवळेपणा हेच जर मजकुराच्या वयाचे साक्षीदार म्हणून उभे केले असतील, तर ते साक्षीदार मजकुराच्या आधीचे निघाले. मजकूर कधीचा, हे ते सांगू शकत नाहीत.

किती बोलायचं आणि कुठे थांबायचं

१९८३मध्ये जर्मनीत 'श्टेर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा म्हणून वह्या जाहीर केल्या. त्या कोनराड कुयाऊने बनवल्या होत्या, पानांवर चहा ओतून. अक्षर तपासणाऱ्यांनी सुरुवातीला अक्षर जुळतं असं सांगितलं, आणि ते एका अर्थाने खरंच होतं : तुलनेसाठी दिलेल्या नमुन्यांतही कुयाऊच्याच हातचे कागद होते. वह्या खोट्या ठरल्या त्या प्रयोगशाळेत. कागदात १९५०च्या दशकाआधी न वापरलेलं शुभ्रता आणणारं रसायन सापडलं, अतिनील उजेडात. साध्या फोटोत ते दिसत नाही.

यातून आम्ही आमच्यासाठी दोन नियम घेतले. तुलनेचा नमुना कुठून आला हे आधी विचारायचं. म्हणून या प्रकरणात आम्ही चौथा नमुना व्यवहाराच्या कागदावरून घेतला, जो दोन्ही घरांपैकी कुणाच्याच पेटीतून आलेला नव्हता. आणि फोटोवरून "खोटी आहे" असं लिहून द्यायचं नाही.

त्या गृहस्थांना आम्ही लेखी दिलं ते एवढंच : सही १९५९च्या पत्रातल्या सहीशी अस्वाभाविक जुळते, तिची रेघ संथ, बोथट आणि एका जागी जोडलेली दिसते, मजकूर कागद झिजल्यानंतर लिहिलेला दिसतो, कागदाच्या रंगावरून वय सांगता येत नाही, मत पक्कं करायला मूळ चिठ्ठी आणि मूळ १९५९चं पत्र सूक्ष्मदर्शकाखाली आणि अतिनील उजेडात पाहावं लागेल. ते पत्र कुणाकुणाच्या हातात गेलं होतं, हेही विचारा, असं आम्ही तोंडी सांगितलं. ते जरा गप्प बसले, मग म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी धाकट्या काकांच्या वर्षश्राद्धाला आमच्याकडचा सगळा पत्रांचा पुडका त्यांच्याकडेच पाहायला दिला होता."

मूळ चिठ्ठी मागण्यात आली. ती पावसात खराब झाली, फेकून दिली, असं उत्तर आलं. पाठीचा फोटो शेवटपर्यंत आला नाही. जिच्यावर हक्क सांगायचा ती चिठ्ठीच हाती नसल्यामुळे धाकट्या घराने पुढे तिचा उल्लेख करणं सोडलं. ती गिरवलेली होती असं आम्ही आजही लिहून देणार नाही. त्या फोटोवर विसंबून विहीर सोडू नका, एवढं मात्र त्या तीन फोटोंवरून सांगता येत होतं, आणि तेवढं सांगितलं.